मँचेस्टरने विणकर संपवला, तर माझे आजोबा काय विणत होते?

तांडापेठवाली

प्रश्न घरातूनच आलाय, म्हणून विचारतेय. भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. परवा सराव पेपरात पंधरा गुणांचा प्रश्न होता: वसाहतकाळातले निरुद्योगीकरण आणि जमीन महसूल पद्धती यांचा ग्रामीण अर्थव्यवस्थेवरील परिणाम. तिने साचेबंद उत्तर लिहिलं. मँचेस्टरचं स्वस्त कापड आलं, हातमाग बंद पडले, विणकर शेतीकडे वळले, शेतीवर भार वाढला, त्यात महसुलाचा बोजा.

ती हे मोठ्याने वाचत होती आणि माझी आई (तिची आजी) शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बंद कधी पडले? तुझ्या पणजोबाचा माग तर मी लग्न होऊन आले तेव्हाही धडधडत होता."

आणि ते खरंच आहे. आम्ही नागपूरचे कोष्टी. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, आमच्या गल्लीत सकाळी पाजणी चालायची. ताणा गल्लीभर लांब ताणलेला, दोन्हीकडून दोन माणसं कुंचा फिरवत खळ लावत जायची, आणि आम्ही पोरं त्याखालून वाकून शाळेत. म्हणजे इंग्रज येऊन शंभराहून जास्त वर्षं उलटल्यावरही माग होते. मग संपलं कोण? की पुस्तकच खोटं? जाणकारांनी सांगावं. भाचीला उत्तर हवंय, मला आईचं तोंड बंद करायचंय.

बंड्या_इतवारी

ताई, आईचं तोंड बंद करायचा उपाय इतिहासात नाही. बाकी वाचतोय.

रोखठोक_राजे

यात प्रश्न कसला? इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुमचे आजोबा वाचले हे तुमचं नशीब.

निवृत्त_मास्तर

राजे, अंगठ्याचं प्रकरण एकदा नीट पाहू. त्याचं मूळ विल्यम बोल्ट्स नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीचीच नोकरी केलेल्या माणसाच्या १७७२ च्या लिखाणात आहे. तो बंगालबद्दल बोलतोय, आणि विणकरांबद्दल नाही, कच्चं रेशीम गुंडाळणाऱ्यांबद्दल. त्यांच्यावर इतकी सक्ती व्हायची की त्यांनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतले, म्हणजे काम करायला कोणी भाग पाडू नये, असं तो लिहितो. जुलूम होताच, पण सुरी इंग्रजाच्या हातात नव्हती. आणि १७७२ मध्ये नागपूर भोसल्यांचं होतं. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. बंगालची गोष्ट नागपूरला चिकटवली की उत्तर तिथेच घसरतं.

तांडापेठवालीताई, तुमच्या आईंचा मुद्दा बरोबर आहे. पुस्तकही पूर्ण खोटं नाही. गडबड अशी की "वस्त्रोद्योग" हा एकच धंदा आहे असं पुस्तक धरून चालतं. तो निदान दोन धंद्यांचा आहे: सूत कातणं आणि कापड विणणं. कातणं मेलं. विणणं जगलं, पण सगळ्यांचं नाही. सविस्तर रात्री लिहितो, सध्या बँकेच्या रांगेत आहे.

वऱ्हाडी_खडा

मास्तर रांगेत उभे आहेत तोवर मी बोलून घेतो. रेल्वे विसरू नका. १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली. त्याआधी इकडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून मिर्झापूरला जायचा, तिथून गंगेने कलकत्त्याला. रस्त्यात पाऊस, धूळ, चोरी. गाडी आल्यावर तोच कापूस काही दिवसांत मुंबईच्या गोदीत. आणि जी गाडी कापूस घेऊन गेली ती परत येताना रिकामी येणार होती काय? कापड भरून आली.

आमच्या वऱ्हाडात आणि तुमच्या हिंगणघाटकडे कापसाचा कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक. तो १८६० च्या दशकाच्या अखेरीस सरळ लिहून ठेवतो की रेल्वेचा फाटा टाकला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, इथे कातला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. म्हणजे आपण ज्याला दुष्परिणाम म्हणतो तो त्याच्या लेखी फायदा होता.

शुभांगी_उमरेड

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण आमच्या आजोळी, उमरेडजवळच्या खेड्यात, माळ्यावर एक चरखा होता. पणजीचा. आजी म्हणायची की पणजीनेही तो चालवताना तिच्या सासूलाच पाहिलं होतं, स्वतः फार नाही. आम्ही कोष्टी नाही, कुणबी. त्या काळी दुपारी जेवणं उरकली की बायका कातत बसायच्या आणि आठवड्याच्या बाजारात विणकराला सूत द्यायच्या. बदल्यात कधी लुगडं, कधी पैसे. मग एक दिवस विणकर म्हणाला, आता मिलचं सूत आणतो, तुमचं नको. एवढीच गोष्ट. कोणी अंगठा तोडला नाही, कोणी माग जाळला नाही. चरखा माळ्यावर गेला, त्याच्या चाकात नंतर कोंबडीने अंडी घातली म्हणे.

बंड्या_इतवारी

निरुद्योगीकरण नाही, कुक्कुटपालनाकडे वळलेला उद्योग म्हणा.

निवृत्त_मास्तर

शुभांगीताईंनी माझं अर्धं काम केलं. त्यांच्या पणजीची सासू हीच या धाग्यातली खरी हरवलेली व्यक्ती आहे.

हिशेब असा. चरख्यावर एक बाई दिवसभरात जेवढं सूत काढते त्याच्या कितीतरी पट सूत एक माग खातो. म्हणून एका मागामागे चार-पाच कातणाऱ्या बायका लागत, बारीक सुताला त्याहून जास्त. म्हणजे कापडाच्या धंद्यात जेवढी माणसं होती त्यांतली बहुतेक कातणारी, बायका, आणि सगळ्या जातींच्या. विणकर हा ढिगाऱ्याचं दिसणारं टोक.

यंत्राने पहिला घाव सुतावर घातला. इंग्लंडात ४० नंबरच्या सुताचा पौंड १७७९ मध्ये १६ शिलिंगांना होता. १८१२ मध्ये तो अडीच शिलिंगांवर आला आणि १८३० मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास. पन्नास वर्षांत तेराव्या हिश्शावर! चरख्यावरची बाई फुकट बसली तरी तिला या भावात बारीक सूत देता येत नाही. विणकराला मात्र हे वरदान वाटलं. त्याचा कच्चा माल स्वस्त झाला, धागा सारखा आणि न तुटणारा मिळाला. म्हणून बारीक काम करणाऱ्या कोष्ट्यांनी विलायती सूत आधी उचललं, रेल्वे नव्हती तेव्हापासून. जाड सूत मात्र गावोगावी हातानेच निघत राहिलं, कारण जाड सुतात कापूस जास्त आणि मजुरी कमी. त्याला लांबून आणणं परवडत नव्हतं.

ती कसर दोन गोष्टींनी भरून काढली. एक रेल्वे, जी खडेसाहेबांनी सांगितली. दुसरी आपल्याच शहरातली: १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दारात, कोळसा जवळ, आणि जाडं-मध्यम सूत इथेच. शुभांगीताईंच्या विणकराने "मिलचं सूत" म्हटलं ते बहुधा असंच कुठलं तरी.

अर्थ_ना_स्वार्थ

थांबा. मग याला इंग्रजांमुळे झालेलं निरुद्योगीकरण का म्हणायचं? मिल टाटांची, भांडवल देशी, मजूर नागपूरचे. चरखा यंत्राने मारला. इंग्लंडातही चरखा यंत्रानेच मारला, तिथे कोणी इंग्लंडला गुलाम म्हटलं नाही. उलट हातमाग टिकला, १९३० च्या दशकातही देशात खपणाऱ्या कापडाचा साधारण चौथा हिस्सा हातमागाचा होता. तीर्थंकर रॉय यांच्यासारखे अभ्यासक हेच सांगतात. आपण उगाच रडगाणं गातो.

निवृत्त_मास्तर

प्रश्न योग्य आहे, आणि मी तुम्हाला पूर्ण खोडू शकणार नाही.

फरक दोन ठिकाणी. इंग्लंडात चरखा गेला तेव्हा, निदान गिरण्यांच्या भागात, ती बाई किंवा तिची मुलगी त्याच गावाच्या आसपास निघालेल्या गिरण्यांत गेली. नागपूर जिल्ह्यातल्या हजारो खेड्यांतल्या कातणाऱ्यांना एम्प्रेस मिल किती सामावून घेणार? एक शहर, एक मिल, पुढे आणखी एक-दोन. दुसरा फरक जकातीचा. स्वतःचं सरकार असलेला कोणताही देश अशा वेळी आयात मालावर जकात बसवून घरच्या गिरण्यांना दहा-वीस वर्षांची उसंत देतो. इथे १८८२ मध्ये कापडावरची जकात उठवली. १८९४ मध्ये तिजोरी रिकामी झाली म्हणून ५ टक्के लावली, तर लँकेशायरने, म्हणजे मँचेस्टरकडच्या गिरणीवाल्यांनी, ओरड केली. मग १८९६ मध्ये कापडावर साडेतीन टक्के आणि त्याला तोल म्हणून देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. ती १९२५ पर्यंत चालली. टाटांच्या मिललाही ही अबकारी भरावी लागली.

आता गंमत पाहा, आणि ही तुमच्या बाजूची आहे. त्याच १८९६ मध्ये सुतावरची जकात माफ झाली आणि हातमागाच्या कापडाला अबकारी नव्हती. म्हणजे तांडापेठवालीताईंच्या पणजोबांचं त्या कायद्याने थोडं भलंच झालं. सरकारच्या मनात नसताना.

रोखठोक_राजे

म्हणजे इंग्रजांचे आभार मानायचे का आता??

बंड्या_इतवारी

राजे, तुमाले दोनच बटनं हायेत काय? एक शिवी, एक आभार. मधलं बी काही असते न भौ.

तांडापेठवाली

भांडू नका. मास्तर, मग आमचे लोक जगले कसे हे सांगा. कापड तर मिलचंही आलं, विलायतचंही.

निवृत्त_मास्तर

लुगड्याच्या काठामुळे. नागपुरी लुगडं म्हणजे सुती अंग आणि रेशमी काठ. नऊवार लांबी, काठाची जात, रंगाची सवय गावागणिक वेगळी. मिलला एकाच नमुन्याचे हजारो वार विणायचे असतात, तरच तिचा हिशेब बसतो. एका नमुन्याची दहा-वीस लुगडी तिला परवडत नाहीत. ती कोष्ट्याला परवडत. मागणी तुटक, चोखंदळ आणि सणावाराची, म्हणून शहरातला कोष्टी टिकला.

मेला तो खेड्यातला जाडंभरडं विणणारा. आपल्याकडे ते काम मोठ्या प्रमाणावर महार विणकरांकडे होतं. साधं, टिकाऊ, बिनकाठाचं कापड, शेतकऱ्याच्या अंगावरचं. त्यात नमुना नाही, म्हणून मिलच्या मांजरपाटाशी थेट गाठ. त्यांतले बरेच पुढे नागपूरच्या मिलच्या फाटकाशी उभे राहिले, बाकीचे शेतमजुरीला गेले.

पण टिकलेल्या कोष्ट्याचंही सगळं छान झालं असं नाही. आधी तो शेजारच्या बायकांकडून सूत घ्यायचा. आता इतवारीतल्या सूत-व्यापाऱ्याकडून, उधारीवर. लुगडं तयार झालं की त्यालाच द्यायचं, भाव तो ठरवणार, उधारी वळती करणार. माग घरातच, पण माल दुसऱ्याचा.

तांडापेठवाली

हे अगदी बरोबर. आमच्याकडे त्याला शेवटपर्यंत "सावकार" म्हणत, व्यापारी नाही. शनिवारी लुगडी न्यायची आणि सुताच्या पेट्या आणायच्या. आजोबा हिशेबाच्या वहीवर अंगठा करायचे. तोडलेला नाही, असलेला!

मालगुजाराचा_नातू

धागा छान चाललाय पण सगळा सुताचाच. प्रश्नात जमीन महसूलही आहे. आमच्या पणजोबांकडे भंडारा जिल्ह्यात काही गावांची मालगुजारी होती, म्हणजे गावाची मालकी आणि सरकारला महसूल भरायची जबाबदारी. मालगुजार म्हणजे जुलमी जमीनदार हे चित्र बंगालचं आहे, इथलं नाही. आमच्या लोकांनी तलाव बांधले. आज सरकार ज्यांना मामा तलाव म्हणतं, माजी मालगुजारी तलाव, ते सगळे आमचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलावात गाळ साचला. यावरही कोणीतरी लिहा.

वऱ्हाडी_खडा

नातूसाहेब, भंडारा-गोंदियाचे बरेच तलाव कोहळी लोकांनी बांधले, गोंड राजांच्या काळापासून. मालगुजारी आली १८६० च्या दशकात. तुमच्या पणजोबांनी काही बांधले असतील, बरेच राखले असतील, ते मान्य. "सगळे आमचे" जरा जास्त होतंय. १९५१ नंतर देखभाल कोसळली, हे मात्र खरं.

आणि माझं ठाम मत आहे की तुमच्या मालगुजारीपेक्षा आमची रयतवारी बरी. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि मुंबईच्या पद्धतीने मोजणी झाली. सर्व्हे नंबर, त्यावर आकार, खातेदार थेट सरकारला देणार. मध्ये कोणी नाही.

विनू_कामठी

नमस्कार, मालगुजारीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग २ आहे, जमीन माजी मालगुजाराकडून आजोबांनी घेतलेली. वर्ग १ करायला कुठे अर्ज करावा? तलाठी म्हणतो जुनी मिसल आणा.

बंड्या_इतवारी

विनूभाऊ, इथे लोक १८६७ मध्ये आहेत, तुम्ही २०५० पर्यंत थांबा, तोवर वर्ग १ होईल.

निवृत्त_मास्तर

विनूभाऊ, हा धागा त्यासाठी नाही, पण अर्ज तहसीलमार्फत असतो आणि मिसलीची नक्कल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळते. गावाचं नाव, जुना खसरा क्रमांक आणि बंदोबस्ताचं साल घेऊन जा. नुसता नवा गट नंबर सांगितला तर हात हलवत परत याल.

त्यांच्या प्रश्नातलं "मिसल", म्हणजे महसूल ठरवताना केलेली गावाची नोंद, हेच आपलं दार आहे. मालगुजारी ही काय चीज होती ते त्यातच कळतं.

भोसल्यांच्या वेळी गावचा पाटील वसुली करायचा, पण गावाचा मालक नव्हता. दरवर्षी कमाविसदार या महसूल अधिकाऱ्याशी घासाघीस व्हायची, पीक बुडालं तर रक्कम खाली यायची, पाटील नको झाला तर बदलला जायचा. इंग्रजांनी १८६० च्या दशकात जमिनी मोजून महसूल ठरवला, त्या बंदोबस्तात याच पाटलाला, किंवा त्या वेळी गाव ज्याच्या नावावर लागलं त्याला, गावाचा मालक केलं. तोच मालगुजार. आणि रक्कम तीस वर्षांसाठी ठरवून टाकली.

एक समजुतीपुरतं गाव घेऊ, आकडे माझे. रयतेकडून खंड येतो ८०० रुपये. मालगुजाराची सीर आणि खुदकाश्त, म्हणजे स्वतः कसायची जमीन, तिचं उत्पन्न धरलं २००. एकूण हजार. त्यातले सरकार घेणार निम्म्याच्या आसपास किंवा थोडं वर, समजा ५५०. मालगुजाराला उरले ४५०. चांगल्या वर्षी तो खुशीत. आता दुष्काळी वर्ष आलं आणि सगळं निम्म्यावर आलं: खंड ४००, सीर १००, हातात ५००. सरकारला द्यायचेत तरीही ५५०. खायला काही न उरता पन्नास कमी. तहकुबी मिळायची, पण ती उशिरा आणि ती माफी नव्हे, पुढच्या वर्षी वसूल. मग सावकार.

आणि इथे नवी गोष्ट अशी की पूर्वी पाटलाकडे गहाण टाकायला काही नव्हतं. आता गाव त्याच्या मालकीचं, म्हणून गाव गहाण पडतं. मालकी देऊन सरकारने त्याला पत दिली, आणि पतीबरोबर गाव गमावायची सोयही दिली.

मालगुजाराचा_नातू

तंतोतंत. आमची दोन गावं अशीच गेली, असं घरी सांगतात. आणि तरी आम्ही जुलमी.

शुभांगी_उमरेड

नातूदादा, राग मानू नका. तुमची गावं गेली, पण खंड देणारे आमचे होते. बेगार, नजराणा, लग्नातलं तूप, तेही घरी सांगतात. तुमच्या घरी नसेल सांगत.

निवृत्त_मास्तर

दोन्ही खरं. एक गोष्ट नातूंच्या बाजूची: बंगालात १७९३ नंतर जमीनदाराने खंड किती घ्यावा यावर बराच काळ नीट अंकुश नव्हता. आपल्या मध्य प्रांतात बंदोबस्त अधिकारी बहुतेक रयतेचा खंडही ठरवून द्यायचा आणि तो मिसलीत लिहिलेला असायचा. म्हणून मालगुजार कागदावर मनमानी वाढवू शकत नव्हता. कागदाबाहेरचं शुभांगीताईंनी सांगितलंच.

आणि खडेसाहेब, "मध्ये कोणी नाही" हे अर्धंच. वऱ्हाडात मध्ये मालगुजार नव्हता, पण हप्त्याची तारीख होती आणि रोख लागायची. रोखीसाठी कापूस, कापसासाठी आगाऊ उचल, उचलीसाठी सावकार. गाव गहाण पडण्याऐवजी सर्व्हे नंबर गहाण पडला.

वऱ्हाडी_खडा

ते मान्य करायला जीव होत नाही, पण करतो. तरी १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्याच्या नावावर जमीन होती तो वेगळा आणि ज्याच्या नावावर नव्हती तो वेगळा, हे म्हणणं मी सोडणार नाही.

अर्थ_ना_स्वार्थ

एक आक्षेप. तीस वर्षं रक्कम गोठलेली, आणि १८६० नंतर धान्याचे भाव एकंदरीत वाढलेच. म्हणजे महसुलाचा खरा बोजा हलका होत गेला. बोजा वाढला म्हणणारे हे का विसरतात?

निवृत्त_मास्तर

विसरत नाहीत, पण तुमचा मुद्दा वजनदार आहे. तीस वर्षांच्या मध्यावर बोजा हलका होतो, आणि मुदत संपली की नवा बंदोबस्त त्या वाढलेल्या भावांवर बसतो. आपल्याकडे हे फेर-बंदोबस्त आले नेमके १८९० च्या दशकात, आणि पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ. रमेशचंद्र दत्तांनी १९०० मध्ये कर्झनला जी उघड पत्रं लिहिली त्यांतलं एक खास मध्य प्रांतावर होतं. त्यांचं म्हणणं, वाढीव आकारणीने शेतकऱ्याची गंगाजळी संपवली. सरकारने १९०२ मध्ये ठराव काढून उत्तर दिलं: दोष पावसाचा. कोण बरोबर, यावर अजून एकमत नाही. माझं मत दत्तांकडे झुकतं, पण पाऊस खोटा होता असं मी म्हणणार नाही.

आता दोन्ही धागे एकत्र येतात ते पाहा, कारण भाचीच्या प्रश्नात "आणि" आहे. शेतकरी घराला हप्ता रोखीने द्यायचा. रोख कुठून यायची? पिकातून, आणि दुपारी कातलेल्या सुतातून. सूत हे कमी मिळकतीचं होतं पण ते पावसावर अवलंबून नव्हतं, आणि आठवड्याला येत होतं. चरखा माळ्यावर गेला तेव्हा नेमकी ती आठवड्याची रोख गेली. हप्ता तसाच राहिला. म्हणून दुष्काळात त्या घराला पूर्वीपेक्षा आधी सावकाराकडे जावं लागलं. आणि दुष्काळात लोक सगळ्यात आधी काय घेणं थांबवतात? कापड. म्हणजे टिकलेला विणकरही त्याच महिन्यात रिकामा. फॅमिन कोडात, म्हणजे सरकारच्या दुष्काळी कामांच्या नियमांत, विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याची तरतूद होती ती उगाच नाही. खडी फोडून विणकराचे हात गेले की तो परत मागावर बसत नाही.

अर्थ_ना_स्वार्थ

हे पटण्यासारखं आहे. पण आकडा? निरुद्योगीकरणाचा आकडा म्हणून तर अर्थतज्ज्ञ अमिय बागचींचं, उद्योगांवर जगणाऱ्या लोकांचा वाटा १८.६ वरून ८.५ टक्के, हेच सगळे लिहितात.

निवृत्त_मास्तर

ते गंगाकाठच्या बिहारचे आहेत, कंपनीच्या बुकॅनन नावाच्या अधिकाऱ्याने १८०९-१३ मध्ये केलेल्या पाहणीपासून १९०१ पर्यंत. नागपूरला लावू नका. शिवाय त्या सुरुवातीच्या आकड्यात कातणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि बुकॅननने कातणाऱ्या मोजल्या नव्हत्या, अंदाजल्या होत्या. त्यावरून वाद झालाच. पण वाद कशावर आहे ते बघा: कातणाऱ्या बाईला कामगार धरायचं की नाही. धरलं तर घसरण प्रचंड, सोडलं तर बरीच लहान.

आपल्याकडे पहिली खानेसुमारी १८६६ ची. तोवर बारीक सूत कातणं आटलेलं होतं. आणि मोजणीला आलेला माणूस दारात विचारणार, घरातले काय करता? घरधनी सांगणार, शेती. दुपारच्या चरख्याचं कोण सांगतो?

रोखठोक_राजे

बरं. अंगठ्याचं मागे घेतो. पण बंगालचं खरं होतं ना?

निवृत्त_मास्तर

जुलूम खरा. बोल्ट्सचं कंपनीशी भांडण होतं हे लक्षात ठेवून वाचा.

तांडापेठवाली

रविवारी भाचीने उत्तर पुन्हा लिहिलं. सुरुवातच "वस्त्रोद्योगात कातणे आणि विणणे यांची गत वेगळी झाली" अशी केली. मग उदाहरण म्हणून नागपूर: एम्प्रेस मिलचं सूत, काठाचं लुगडं टिकलं, जाडंभरडं गेलं. मग मालगुजारीचं गाव आणि हप्त्याची रोख. बागचींचा आकडा दिला, पण बिहार असं लिहून. क्लासच्या सरांनी शेरा मारलाय: "चांगले, पण अपेक्षित मुद्दे सुटले." पंधरापैकी आठ.

बंड्या_इतवारी

अंगठे लिहिले असते तर दहा मिळाले असते.

तांडापेठवाली

हो ना! अजून एक राहिलं. हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. कातणाऱ्या बायकांच्या मोजणीचं आलं तेव्हा म्हणाली, "मी वीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सावकाराच्या वहीत लुगडं तुझ्या आजोबांच्या नावावर चढायचं. कांड्यांचा वेगळा रकाना मी तरी पाहिला नाही."

मग शेंगांची परात उचलून आत गेली.

शुभांगी_उमरेड

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि भाचीला म्हणावं, पुढच्या पेपरात हे लिही. आठाचे सात होतील, तरी लिही.

विनू_कामठी

मिसल मिळाली. उर्दू-फारसी शब्दांनी भरलेली आहे, कोणाला वाचता येते का?